डॉकवरून लॅपटॉप चालवताना यूएसबी-सी केबल किती वॅटची घ्यायची?

मॉनिटर, कीबोर्ड, माउस, नेटची वायर सगळं डॉकला जोडायचं आणि लॅपटॉपला फक्त एक यूएसबी-सी केबल लावायची, अशी टेबलाची मांडणी आता बरेच जण करतात. त्या एका केबलवर दोन कामं पडतात. चित्र आणि डेटा लॅपटॉपकडून डॉककडे न्यायचा आणि त्याच वेळी डॉककडून लॅपटॉपला वीज आणायची. डॉकबरोबर आलेली केबल आखूड पडली किंवा खराब झाली, की हाताशी असलेली फोनची केबल लावली जाते. लॅपटॉपवर चार्जिंगचं चिन्ह दिसतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. दुपारी लक्षात येतं की दिवसभर केबल लावलेली असूनही बॅटरी निम्म्यावर आली आहे.

याचं कारण बहुतेक वेळा केबलच्या वॅटमध्ये सापडतं. पण नुसती जास्त वॅटची केबल घेऊन प्रत्येक वेळी काम भागत नाही. म्हणून आधी वीज किती द्यायची हे कोण ठरवतं ते पाहू.

वीज कशी ठरते

केबल स्वतःहून वीज ढकलत नाही. केबल जोडली की डॉक आणि लॅपटॉप आपसात बोलतात. डॉक आपण कोणकोणत्या व्होल्टेजला किती अँपिअर देऊ शकतो याची यादी सांगतो आणि लॅपटॉप त्यातला एक पर्याय निवडतो. लॅपटॉपच्या बाबतीत हा पर्याय बहुधा २० व्होल्टचा असतो. मात्र यादी सांगण्याआधी डॉकला केबलची क्षमता तपासावी लागते. त्यासाठी केबलच्या प्लगमध्ये ई-मार्कर नावाची एक बारीकशी चिप असते. ही केबल ५ अँपिअर पेलते, असं त्या चिपने सांगितलं तरच डॉक ५ अँपिअरपर्यंत जातो. चिप नसेल, किंवा चिपने ३ अँपिअर सांगितले, तर डॉक यादीच ३ अँपिअरवर छाटतो.

म्हणजे डॉक कितीही दमदार असला तरी साध्या केबलवर हिशोब असा होतो:

```
20V × 3A = 60W
```

इथे कोणतीही चूक दाखवणारा संदेश येईलच असं नाही. डॉकने नियमाप्रमाणे सुरक्षित तेवढी वीज दिली आणि लॅपटॉपने ती मुकाट्याने घेतली. त्यामुळेच हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. २४० वॅटची केबल लावली म्हणून ४५ वॅटच्या लॅपटॉपचं काही बिघडत नाही. केबलवरचा आकडा ही फक्त वरची मर्यादा आहे. लॅपटॉपची गरज, डॉकची देण्याची ताकद आणि केबलची मर्यादा या तिघांत जो आकडा सगळ्यांत लहान, तेवढीच वीज प्रत्यक्षात मिळते.

पायरी १: लॅपटॉपची गरज वाचा

लॅपटॉपबरोबर आलेला मूळ चार्जर हातात घ्या आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. आउटपुटच्या ओळीत ५, ९, १५, २० व्होल्ट असे अनेक पर्याय छापलेले असतात. त्यातला सगळ्यांत वरच्या व्होल्टेजचा पर्याय घ्या आणि व्होल्ट गुणिले अँपिअर करा. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असेल तर ६५ वॅट, २० व्होल्ट आणि ५ अँपिअर असेल तर १०० वॅट. २८ व्होल्ट आणि ५ अँपिअर दिसले तर लॅपटॉप १४० वॅटच्या वर्गातला आहे.

६५ वॅटचा आकडा फसवा आहे. ६५ वॅटसाठी ३.२५ अँपिअर लागतात आणि साधी केबल ३ वर थांबते, म्हणून ६५ वॅटच्या लॅपटॉपलाही ६० वॅटची केबल थोडी कमीच पडते. पाच वॅटच्या फरकाने रोजचं लिहिण्या-वाचण्याचं काम अडत नाही. पण काही लॅपटॉप आपल्या ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी वीज मिळाली की चार्जर कमी क्षमतेचा असल्याची सूचना दाखवतात, आणि काही तर प्रोसेसरचा वेगही उतरवतात. अशा वेळी लोक डॉकला दोष देतात.

गोल पिनचा १८० किंवा २३० वॅटचा चार्जर येणारे गेमिंग लॅपटॉप वेगळे. त्यांचा यूएसबी-सी पोर्ट वीज घेत असलाच तर अनेकदा १०० वॅटच्या आसपास थांबतो. तिथे कोणतीही केबल घेतली तरी जोराचा खेळ डॉकच्या विजेवर चालणार नाही.

पायरी २: डॉक लॅपटॉपला किती देतो ते शोधा

इथे नवखा माणूस हमखास अडॅप्टरवरचा आकडा वाचतो. डॉकच्या अडॅप्टरवर १५० वॅट लिहिलंय म्हणजे लॅपटॉपला १५० वॅट मिळणार, असं होत नाही. त्यातली काही वीज डॉक स्वतः खातो आणि काही मागच्या-पुढच्या पोर्टांना जोडलेल्या हार्ड डिस्क, फोन, कॅमेरा यांच्यासाठी राखून ठेवतो. लॅपटॉपला जाणारा आकडा डॉकच्या माहितीपत्रकात ‘होस्ट’ पोर्टसमोर किंवा लॅपटॉप चार्जिंगच्या ओळीत दिलेला असतो. ६०, ८५, ९०, ९६, १०० वॅट हे आकडे नेहमी दिसतात. नव्या मोठ्या डॉकवर १४० वॅटही दिसतो.

स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या छोट्या हबची गोष्ट निराळी. त्यात लॅपटॉपचाच चार्जर लावायचा असतो आणि हब त्यातली वीज पुढे सोडतो. अशा हबवर १०० वॅट छापलेलं असलं तरी तो आकडा आत घेण्याचा असतो. स्वतःसाठी साधारण १० ते १५ वॅट ठेवून तो उरलेली वीज पुढे देतो. शिवाय इथे केबल दोन असतात, एक चार्जरपासून हबपर्यंत आणि दुसरी हबपासून लॅपटॉपपर्यंत. दुसरी बहुधा हबलाच कायमची जोडलेली असते, तिचा प्रश्न नसतो. पहिली मात्र तुम्ही निवडता आणि ती ६० वॅटची निघाली, तर त्या ६० मधूनच हबचा वाटा वजा होतो. लॅपटॉपच्या पदरी ४५ ते ५० वॅट पडतात.

पायरी ३: केबलचा वर्ग निवडा

दोन्ही टोकांना सी प्लग असलेल्या केबलचे विजेच्या बाबतीत व्यवहारात तीन वर्ग आहेत. पहिला ६० वॅटचा, म्हणजे ३ अँपिअरचा. दुसरा १०० वॅटचा, म्हणजे २० व्होल्टला ५ अँपिअरचा. हा जुना वर्ग आहे. २०२१ मध्ये यूएसबीवरून वीज द्यायच्या पॉवर डिलिव्हरी या पद्धतीचा ३.१ नियम आला आणि व्होल्टेज २८, ३६ आणि ४८ पर्यंत वाढवायची सोय झाली. तेव्हापासून प्रमाणित केबलवर ६० किंवा २४० वॅट हेच दोन आकडे छापायचे, असं ठरलं. २४० म्हणजे ४८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर. मधल्या काळातल्या १०० वॅटच्या केबल अजून विकल्या जातात आणि घरोघरी पडूनही आहेत.

आता निवड सरळ आहे. डॉक लॅपटॉपला ६० वॅट किंवा त्याहून कमी देत असेल, तर हाताशी असलेली ६० वॅटची केबल पुरते. डॉक ६० च्या वर पण १०० पर्यंत देत असेल, तर घरातली जुनी, चांगल्या अवस्थेतली १०० वॅटची केबल अगदी योग्य आहे. ती टाकून देऊ नका. डॉक १०० च्या वर देत असेल तर फक्त २४० चीच चालेल. जुन्या १०० वॅटच्या केबलमधली चिप २८ व्होल्टची परवानगी देत नाही, म्हणून १४० वॅटचा डॉकसुद्धा तिच्यावर १०० ला अडतो.

नवीन विकत घ्यायचीच असेल तर ६० आणि २४० यांच्यामध्ये घोळ घालत बसू नका, २४० ची घ्या. पुढे डॉक किंवा लॅपटॉप बदलला तरी ती केबल टेबलावर राहील.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा लॅपटॉपचा मूळ चार्जर १०० वॅटचा आहे आणि बॅटरी ७० वॅट-तासांची. डॉकचा अडॅप्टर १५० वॅटचा, पण लॅपटॉपला तो ९० वॅट देतो, म्हणजे २० व्होल्टला ४.५ अँपिअर. व्हिडिओ संपादनासारखं जड काम चालू असताना लॅपटॉप ७५ वॅट खातो.

फोनच्या डब्यातली केबल लावली तर तिघांत लहान आकडा ६० चा. खर्च ७५, आवक ६०. तूट १५ वॅटची, ती बॅटरी भरून काढते. ७० वॅट-तासांची भरलेली बॅटरी १५ वॅटने उतरत राहिली, तर पावणेपाच तासांच्या आत संपते. सकाळी शंभर टक्क्यांवर बसलेला माणूस दुपारच्या चहाला लाल खुणेवर येतो, आणि पूर्ण वेळ पडद्यावर प्लगचं चिन्ह असतंच.

तीच मांडणी, फक्त केबल १०० किंवा २४० वॅटची. आता लहान आकडा डॉकचा, ९०. लॅपटॉप ७५ खाऊन १५ वॅट बॅटरीत भरतो. इथे १०० आणि २४० यांत काडीचा फरक पडत नाही, कारण अडवणारा आता डॉक आहे. पूर्ण १०० वॅट हवेच असतील तर डॉक बदलावा लागेल. केबलवर आणखी खर्च करून ते मिळणार नाहीत.

आणि या लॅपटॉपवर फक्त लेखन, मेल, ब्राउझर चालत असेल तर खर्च २० वॅटच्या आसपास राहतो आणि ६० ची केबलही दिवस आरामात काढते. म्हणूनच एकाच केबलबद्दल एक जण ‘मस्त चालते’ म्हणतो आणि दुसरा ‘भिकार आहे’ म्हणतो. बोलणं दोघांचंही खरं असतं.

पायरी ४: वॅटबरोबर वेगही पाहा

डॉकसाठी केबल घेताना सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. २४० वॅट मोठ्या अक्षरांत छापलेली, जाडजूड, विणलेल्या आवरणाची केबल घेतली जाते आणि मॉनिटर काळाच राहतो. निव्वळ चार्जिंगसाठी केलेल्या बऱ्याच केबलमध्ये डेटाच्या फक्त जुन्या यूएसबी २.० च्या तारा असतात. वेग ४८० मेगाबिट आणि चित्र वाहून नेणाऱ्या तारा मुळातच नाहीत. लॅपटॉप चार्ज होतो, कीबोर्ड-माउसही चालतात, पण स्क्रीन येत नाही. हे लक्षण दिसलं की डॉकच्या सेटिंगमध्ये शिरण्याआधी केबल तपासा.

साध्या यूएसबी-सी डॉकला १० गिगाबिटची केबल पुरते. थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ डॉकला ४० गिगाबिटची लागते. प्रमाणित केबलच्या प्लगवर किंवा वेष्टनावर वेग आणि वॅट दोन्ही छापलेले असतात. फक्त वॅट छापलेले असतील आणि वेगाचा पत्ताच नसेल, तर ती चार्जिंगची केबल समजा आणि डॉकसाठी घेऊ नका.

लांबीचा हिशोब इथेच येतो. विजेसाठी दोन मीटरची केबल सहज बनते, वेगासाठी नाही. साध्या, म्हणजे आत सिग्नल वाढवणारी चिप नसलेल्या केबलमध्ये ४० गिगाबिट साधारण ८० सेंटिमीटरपर्यंत आणि १० गिगाबिट एक मीटरपर्यंत धरून चाला. त्यापुढे पूर्ण वेग हवा असेल तर चिप असलेली, महाग केबल लागते. त्यामुळे केबल लांब घेण्याऐवजी डॉकच सरकवून लॅपटॉपजवळ आणा. मॉनिटरची आणि नेटची केबल लांब असली तरी चालते. लॅपटॉप आणि डॉकमधली आखूडच ठेवा.

पायरी ५: लावल्यावर मोजून पाहा

चार्जिंगचं चिन्ह बघून निष्कर्ष काढू नका. बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही तपासू नका, कारण तेव्हा लॅपटॉप फारशी वीज मागतच नाही आणि तूट दिसत नाही. बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास आणा, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणारी सोय चालू असली तरी मग अडचण येणार नाही. केबल लावा, तुमचं नेहमीचं सगळ्यांत जड काम दहा मिनिटं चालू ठेवा आणि मग वाचन घ्या.

विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून ही ओळ द्या:

```
Get-CimInstance -Namespace root/wmi -ClassName BatteryStatus
```

त्यात `ChargeRate` आणि `DischargeRate` या ओळी पाहा. आकडे मिलिवॅटमध्ये असतात. डॉक लावलेला असताना `DischargeRate` समोर १५००० दिसले, तर बॅटरीतून १५ वॅट जात आहेत. शून्य असेल तर वीज पुरते आहे.

मॅकवर टर्मिनलमध्ये:

```
pmset -g adapter
```

इथे `Wattage` आणि `Current` वाचा. डॉक ९६ वॅटचा असून इथे ६० वॅट आणि ३००० मिलिअँपिअर दिसले, तर केबलनेच हात आखडता घेतला आहे. दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

लिनक्सवर `upower -d` देऊन बॅटरीच्या भागात `state` आणि `energy-rate` पाहा. केबल लावलेली असूनही `discharging` दिसलं तर अर्थ तोच.

मोजमाप करणारं छोटं यूएसबी-सी मीटर मध्ये लावूनही आकडे पाहता येतात, पण डॉकच्या केबलमध्ये ते कायम ठेवू नका. बऱ्याच मीटरमधून वेगवान डेटा नीट जात नाही आणि मग मॉनिटरचा नवाच प्रश्न उभा राहतो.

बिघाड कसा ओळखायचा

एकाच केबलच्या मांडणीत विजेची अडचण कित्येकदा चित्राच्या रूपात समोर येते. वीज देण्या-घेण्याचा करार मोडला की दोन्ही बाजू तो पहिल्यापासून सुरू करतात. त्या क्षणी चित्राची जोडणीही सुटते. मॉनिटर दोन-तीन सेकंद काळा होतो, यूएसबी जोडल्याचा आवाज येतो, नेट तुटून परत येतं. काम जड झालं की हे होत असेल तर आधी मॉनिटरचा ड्रायव्हर शोधत बसू नका. प्लग सैल आहे का, पोर्टमध्ये धूळ आहे का, केबल मुळाशी वाकली आहे का ते पाहा. मग तितक्याच वर्गाची दुसरी केबल लावून बघा.

केबल कोमट लागणं नेहमीचं आहे. ५ अँपिअर वाहताना तारांमध्ये थोडी वीज वाया जातेच. नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंच्या तारा मिळून पाऊण व्होल्टपर्यंत घट चालते, म्हणजे पूर्ण ५ अँपिअरला पावणेचार वॅट उष्णतेत जाऊ शकतात. पण ही उष्णता सगळ्या लांबीवर पसरलेली असायला हवी. फक्त एक प्लग चटका बसेल इतका तापत असेल किंवा त्याच्या कडेचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर त्या टोकाचा संपर्क खराब आहे. ती केबल लगेच काढा आणि दुसऱ्या कामालाही वापरू नका.

केबल जोडून लांबवण्याची यूएसबी-सीची वाढीव केबल टाळा. डॉक वाचतो ती चिप मूळ केबलची असते. तिने ५ अँपिअर सांगितले तर डॉक ५ सोडतो, मधल्या तुकड्याच्या तारा बारीक आहेत हे त्याला कळायला मार्गच नसतो. चुंबकी टोकांचंही तेच, शिवाय त्यांतून ४० गिगाबिट क्वचितच धड जातात.

छापील आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. आवरणावर १०० वॅट आणि आत चिपच नाही, अशा केबल मिळतात. त्या धोक्याच्या नसतात, कारण डॉक त्यांना ३ अँपिअरच देतो. फक्त पैसे फुकट जातात. पायरी ५ मधलं वाचन घेतलं की हे लगेच उघडं पडतं, म्हणून केबल परत करायची मुदत संपण्याआधीच ते घ्या.

काही डॉकची केबल कायमचीच जोडलेली असते आणि तिच्यातून कंपनी आपल्याच लॅपटॉपना १०० पेक्षा जास्त वॅट देते. हा त्या कंपनीचा खासगी करार असतो. दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप लावला की आकडा खाली येतो. अशा डॉकच्या बाबतीत बाजारातली केबल हा उपायच नाही, माहितीपत्रकात ‘इतर लॅपटॉप’ या ओळीतला आकडा पाहून डॉक घ्यायचा की नाही ते ठरवा.

तसंच काही लॅपटॉप १४० वॅट फक्त आपल्या खास चार्जिंग पोर्टमधून घेतात आणि यूएसबी-सी पोर्टवर १०० ला थांबतात. डॉक १४० चा, केबल २४० ची, तरीही वाचन १०० च्या खालीच अडलं असेल तर लॅपटॉपच्या माहितीपत्रकात यूएसबी-सी पोर्टची चार्जिंग मर्यादा शोधा. तिथे १०० लिहिलेलं असेल तर तुमची केबल बरोबर आहे, ती तशीच राहू द्या.